गोधडीचा उघडा कोपरा

आजी,

तुझी गोधडी मी पुन्हा उसवलेली नाही, हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. तुझी तेरवी होऊन दहा दिवस झाले. मी बेंगळुरूला परत आलोय, गोधडी मांडीवर आहे आणि तिचे चारही कोपरे बंद आहेत. त्यातला एक जरा वाकडा आहे. तो माझा.

इथे ऑफिसात लोक भेटायला येतात. वय काय होतं, काय झालं होतं, हॉस्पिटलात किती दिवस होत्या, असं विचारतात. मी उत्तरं देतो, ते माना हलवतात आणि चहा प्यायला जातात. मला मात्र तुझ्याबद्दल एकच प्रश्न पडलाय, आणि तो कोणी विचारत नाही. गोधडीत धान कशाला घालायचं? तुला दोनदा विचारलं. एकदा तू मलाच उलटं काहीतरी विचारलंस आणि मी त्यातच अडकलो, दुसऱ्यांदा तू ते पुढच्या भेटीवर ढकललंस.

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात फोनवर मी सहज म्हणालो की इकडे सकाळी थंडी वाजते. ऑफिसात पंख्याखाली बसणारा माणूस मी, मला कसली थंडी. पण तुला काहीतरी सांगायला हवं होतं, आणि प्रमोशनचं तुला कळलं नसतं.

"पांघरायले काय हाये?" तू विचारलंस.

"ब्लँकेट आहे की."

"त्याले वजन हाये काय?"

आता ब्लँकेटचं वजन कोण करतं? नाही म्हणालो. तू म्हणालीस, "वजन नसन तं झोप कायनं लागन? तुयी लांबी सांग. कितीक हात हायेस तू?"

मी पाच फूट आठ इंच म्हणालो. ते तुला चालेना. मग मी उभा राहिलो, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात भिंतीला लावत स्वतःला मोजलं आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, साडेतीन हात आणि वर थोडं. इंजिनिअर माणूस, मोजमाप चुकायचं नाही. तूही खूश झालीस.

आजी, त्या दिवशी मी बकरी मोजली असती तरी चाललं असतं. प्रत्येक माणूस आपापल्या हाताने साडेतीन हातच भरतो, हे मला बत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी माझा हात लावला. तू शिवताना तुझा लावलास. तुझा हात माझ्याहून चांगला चार बोटं आखूड.

दुसरा गोंधळही माझाच. तुझी मेहनत वाचावी म्हणून मी पाच मीटर नवं कोरं सुती कापड मागवून गावी, कामठ्याला पाठवलं. निळं, त्यावर पिवळे पोपट. तू फोन केलास.

"हे काऊन धाडलं?"

"गोधडीला. जुन्या चिंध्या कशाला वापरतेस?"

"नवा कपडा आकसते बाबू. एका धुन्यात आकसला का सारी गोधडी गोळा होते. जुना आकसून चुकला रायते. त्याले जे करायचं ते करून झालं."

मी म्हणालो, कापड आधीच आकसवलेलं आहे, तसं पाकिटावर लिहिलंय. तू म्हणालीस, पाकिटाले गोधडी शिवायले सांग. तो वाद आपला अर्धवटच राहिला. पोपट तू पेटीत टाकले असतील, असं मी धरून चाललो होतो.

ती गोधडी तू पहिल्यांदा कशी शिवलीस हे मी पाहिलं नाही, बाबांकडून ऐकलं. धान निघून गेलं होतं, अंगण रिकामं होतं. तुझी दोन जुनी लुगडी, आबाजींचं धोतर आणि बाबांच्या शाळेतल्या गणवेशाचे खाकी तुकडे तू आधी गरम पाण्यात टाकलेस, खळ पुरती जाईपर्यंत खळबळलेस आणि दोन दिवस उन्हात टाकलेस. मग सारवलेल्या अंगणात अख्खं लुगडं खाली अंथरलंस, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि तांब्याचे दोन लोटे ठेवलेस. त्यावर फाटकंतुटकं सगळं थराथराने, कुठे भोक राहू न देता. जिथे एक तुकडा विरलेला तिथे वर दुसरा धड. सर्वांत वर दुसरं लुगडं. बाबा म्हणाले, "तुयी आजी एक थर टाकला का त्यावर तळहात फिरवत जाये, कोंबड्यायले हाकलते तशी. सुरकुत्या मधातून बाहेर, मधातून बाहेर." मग लांब लांब कच्चे टाके, तेही मधून सुरू करून काठाकडे. काठाकडून सुरू केलं तर सुरकुती मध्ये अडकून बसते आणि जन्मभर पाठीला टोचते.

उन्हाळ्यात गोधडी इथे आली. मी पांघरली. डोकं झाकलं की पावलं बाहेर आणि पावलं झाकली की डोकं बाहेर. आणि मी तुला काय सांगितलं? "एकदम बरोबर बसली, आजी." हे माझं पहिलं खोटं. ते आठ महिने टिकलं. मग एके रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी गोधडीतच लोळत होतो, आणि फोन कुठे धरलाय याचं भान नव्हतं.

"ते पाय कोनाचे हायेत रे?" तू विचारलंस.

मी माझे पाय असे पाहिले, जणू तेही मला नवीन होते.

"तू कोनाचा हात लावला होता?"

"माझा."

"आन मी माया. मंग आता भांडन कोनासंग करू?" आणि तू इतकी हसलीस की फोन तुझ्या हातातून पडला. पुढची दोन मिनिटं मी तुमच्या छताची कौलं, तुझे ते कवेलू, पाहत बसलो आणि तुझं हसणं ऐकत होतो. ते कवेलू मला आता तोंडपाठ आहेत.

जानेवारीत मी गोधडी घेऊन कामठ्याला आलो. तेव्हा प्रथमच तुला हे काम करताना जवळून पाहिलं. मला वाटलं होतं, खाली एक पट्टी जोडायची आणि झालं. तू पायाकडची अख्खी बाजू उसवलीस. दुमडलेला काठ उलगडलास, आतले थर मोकळे केलेस आणि प्रत्येक थर जरा जरा मागेपुढे कापलास, पायऱ्यांसारखा. नव्या पट्टीचे थर त्या पायऱ्यांवर एकेक करून बसवलेस. "साऱ्यायले एकाच जागी जोडलं तं तेथं बांध होते," तू म्हणालीस. "बांध शेतात पायजे, आंगाखाली नाही." धानाच्या बांध्यांत जन्म काढलेल्या बाईलाच हे सुचायचं.

मी मदत करतो म्हणालो. डावा हात गोधडीच्या खाली, उजवा वर. खालच्या बोटाला सुईचं टोक लागलं की समजायचं, सगळे थर पार झाले, आणि तिथूनच टोक परत वर वळवायचं. सुईवर तीन-चार टाके जमले की मग दोरा ओढायचा. मी चार टाके घातले आणि उठलो, तर गोधडीही उठली. मी तिला माझ्या पँटला शिवलं होतं. तू शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलंस, दाखवलंस आणि मग कापलंस.

त्यानंतर मला एकच काम मिळालं, सुया ओवायचं. तुला नेढं दिसत नव्हतं, पण शिवताना हाताला सगळं दिसायचं. मी दोन पाकिटं सुया घेतल्या आणि रिळाचा दोरा न तोडता सगळ्या पन्नास त्या एकाच दोऱ्यात ओवल्या, माळेसारख्या. पहिली सुई धरून दोरा हवा तेवढा ओढायचा, बाकीच्या मागे सरकवायच्या आणि तोडायचा. हातातली सुई संपली की पुढची तयारच. ही युक्ती मी मोबाईलवर पाहिली होती. तू रीळ उजेडात धरून बराच वेळ पाहिलंस.

"पन्नास दिवस तुयी गरज नाही म्हना," म्हणालीस.

मला ते कौतुक वाटलं. मी तसंच घेतलं. आता वाटतं, नीट ऐकायला हवं होतं.

मार्चमध्ये बाबा गोधडी घेऊन आले. आता ती माझ्या पावलांखालीही दुमडायची. जुन्या भागावर टाके उभे, पट्टीवर आडवे. पाय घातला की तळव्याला कळायचं, आपण चुकीच्या हिशोबातून बरोबर हिशोबात आलो.

आणि मग जून. इथे माझी तिसरी करामत. गोधडीला चहा सांडला. मशीनमध्ये टाकली, बटन दाबलं आणि त्याच संध्याकाळी ऑफिसच्या कामाला चेन्नईला गेलो. पाच दिवस गोधडी बंद मशीनमध्ये ओलीच राहिली. परत आलो, झाकण उघडलं. पट्टीच्या एका कोपऱ्यातून, टाक्यांच्या भोकांतून, पांढरे टोकदार किडे बाहेर डोकावत होते.

मी झाकण बंद केलं. खाली गेलो आणि आमच्या इमारतीच्या वॉचमनला घेऊन आलो, साक्षीदार हवा म्हणून. तो ओडिशाचा म्हातारा माणूस. त्याने वाकून पाहिलं, एक किडा चिमटीत धरला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आयुष्यात विसरणार नाही.

"साब, ये तो धान है. अंकुर निकला है. आप गाँव से हैं ना?"

मी नख कापायची कात्री आणली आणि कोपरा उसवला. आत कापडाच्या छोट्या घडीत धानाचे दाणे होते, कोंब आलेले, एकमेकांत गुंतलेले. रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी तुम्ही बियाणं भिजवून पोत्यात बांधून ठेवता, तसंच मी तुझ्या गोधडीत करून ठेवलं होतं. शेतकऱ्याचा नातू, पहिल्यांदाच धान उगवलं, तेही कपडे धुवायच्या मशीनमध्ये.

टाकवेनात. म्हणून प्लास्टिकच्या बादलीत माती भरली, भोकं न पाडता, कारण धानाला पाणी उभं राहिलेलं चालतं, एवढं मला आठवत होतं. कोंब लावले, बादली बाल्कनीत ठेवली आणि तुला फोन केला.

"आजी, गोधडीत धान काऊन घालतात?"

"कोपरा उसवला काय रे तू?"

"नाही."

"मंग धान कोठून दिसला तुले?"

हे माझं दुसरं खोटं. ते चार सेकंद टिकलं. मी सगळं सांगितलं, कोंब, बादली, वॉचमन. तू कौतुकाने शेजारच्या काकूंना सांगितलंस तेही ऐकू आलं. "माया नातवानं गोधडीत पऱ्हे टाकले वं." पण मग तुझा आवाज बदलला.

"उघड्या तोंडाची गोधडी आंगावर घेऊ नोको. आन इकडे. मी शिवून देतो."

"मीच इथे दोन टाके घालतो की."

"पँटीले शिवशील."

"पण धान का घालतात ते तर सांग."

"आनशील तवा सांगन."

जुलैत येतो म्हणालो. मग पोळ्याला येतो म्हणालो. मग दिवाळी. गोधडी घडी करून कपाटात ठेवली, पांघरली नाही, तेवढा शब्द मात्र पाळला. दिवाळीत तिकीट मिळालं नाही. खरं सांगू? उशिरा शोधलं. तुझा फोन आला, तेव्हा तू रागावली नाहीस. विचारलंस, "बादलीतला धान निसवला काय? किती झाला?"

"मूठभर तरी होईल," मी म्हणालो.

हे तिसरं खोटं. कबुतरांनी सगळ्या लोंब्या फस्त केल्या होत्या. उरले होते सात दाणे. ते मी काडेपेटीत ठेवले होते. पण मूठभर ऐकून तू एवढी खूश झालीस की मला सात म्हणवेना. "जपून ठेव," म्हणालीस. "घेऊन ये." आपलं ते शेवटचं बोलणं. सातच होते, आजी. आता तरी सांगतो.

तेरवीला आलो तेव्हा बॅगेत गोधडी होती आणि खिशात काडेपेटी. आणि डोक्यात तोच प्रश्न. आता कोण सांगणार? बाबांना विचारलं. म्हणाले, "गोधडीले घास लागते. उपाशी गोधडी झोप खाते, असं म्हनत." शेजारच्या काकू म्हणाल्या, लक्ष्मी असते. कोणी म्हणालं, उगीच, जुन्या बायकांची रीत. माझं समाधान होईना. मग मी एक काम केलं, ज्याबद्दल घरातले लोक मला अजून काही दिवस वेगळ्या नजरेने पाहतील. दुपारी पाहुणे जेवून बसले होते, तेव्हा मी घरातल्या एकूणएक गोधड्यांचे कोपरे चाचपत फिरलो. मामा एका गोधडीवर आडवे झाले होते. त्यांच्या खालचाही कोपरा दाबला. ते म्हणाले, "काय हरवलं बाप्पा तुयं?"

एकाही गोधडीत धान नव्हतं. तुझ्या स्वतःच्या गोधडीतही नाही. बाबांच्या नाही, आबाजींच्या जुन्या कथडीत नाही. नऊ गोधड्या, छत्तीस कोपरे, सगळे सपाट.

दाराजवळ येऊन बसलो आणि समोर पाहिलं, तर पोपट. तू पेटीत ठेवलेच नव्हते. ते पाच मीटर कापड मधल्या दारावर पडदा म्हणून लावलेलं होतं. निळं उडून राखाडी झालेलं, पिवळे पोपट पांढरे. हात लावला तर तुझ्या लुगड्यासारखं मऊ. बाबा म्हणाले, "दर आठ दिवसानं धुये. म्हने, हे जुनं होऊन रायलं. चार-पाच सालात कामी येईन, बाबूच्या लेकराले."

मला लेकरू नाही, आजी. लग्नही नाही. तू कापड आकसवायला घेतलं होतंस.

त्या पडद्यामागून आत्या आली. कोहमाऱ्याजवळ दिलेली तुझी लेक, तीस वर्षं झाली. मला कोपरे चाचपताना तिने पाहिलं होतं. शेजारी बसली.

"यायच्यात नाही भेटनार तुले," ती म्हणाली. "हे घरच्या गोधड्या होत. धान बाहेर जानाऱ्या गोधडीत घालते. माया लग्नात मायनं देल्ली, तिच्यात हाये. मावशीले देल्ली, तिच्यात होता. जे घर सोडून जाते त्याच्या पायाकडे या शेतातला धान. जेथं पाय पसरन, तेथं घरचं शेत पायाखाली."

"पण मी काय लग्न होऊन गेलो का?"

"गेला तं हायेस," आत्या म्हणाली. "मायनं मले फोनवर सांगतलं होतं. म्हने, पोट्टा सासरीच गेला समज. सणाले येते आन जाते."

आत्याने तिचा कोपरा कधी उसवला नाही. तीस वर्षांत आतल्या दाण्यांचा भुसा झाला असेल, तरी रोज पायाने चाचपून झोपते. "उसवनारा तूच पयला," ती म्हणाली. मी विचारलं, आता हा कोण बंद करणार? तो तर, आजी, तू बंद करणार होतीस.

आत्या आत गेली आणि तुझा शिवणाचा डबा घेऊन आली. त्यात मेणाचा तुकडा होता, आबाजींचा चष्मा होता, आणि ते रीळ. रिळाच्या दोऱ्यात तीन सुया होत्या. मीच ओवलेल्या. सत्तेचाळीस तू वापरल्यास आणि तीन तशाच ठेवल्यास. विसरलीस की माझ्या कोपऱ्यासाठी राखून ठेवल्यास, ते मला कळलं नाही. आत्यालाही माहीत नव्हतं. हे आणखी एक, जे तुला विचारायचं राहिलं.

"ज्यानं उसवलं त्यानंच शिव," आत्या म्हणाली. "मी धरून देतो."

अंगणात ऊन होतं. मी पँट जरा लांब घेऊन बसलो. दोरा मेणावरून ओढून घेतला. पहिली सुई गाठ मारतानाच सुटून गेली. दुसरीने काठ दुमडला, गाठ दोन थरांच्या मध्ये दडवली, तू दडवायचीस तशी. डावा हात खाली धरला. सुई बोटाला लागली की कळत होतं, पार गेली. बऱ्याचदा कळलं.

तिसऱ्या सुईच्या आधी आत्या म्हणाली, "थांब, घास राहिला." आणि ती बाबांनी खळ्यावरून आणलेलं यंदाचं धान घ्यायला उठली. मी म्हणालो, आहे माझ्याजवळ. काडेपेटी काढली. आत्याने ते दाणे तळहातावर घेतले, एकेक बोटाने दाबून पाहिला.

"हे कोठचे?"

"आजीचेच. बेंगळुरूला जाऊन आले."

सहा भरलेले निघाले. सातवा दाबला तर नुसतं टरफल, आत काही नाही. आत्याने तो फेकायला उचलला.

मी म्हणालो, राहू दे. तोही घाल. घरचाच आहे.